पुणं वर, तळेगाव खाली

कामशेतच्या सायबर कॅफेत माझी नात तेजल इंजिनिअरिंगचा फॉर्म भरत होती. तिला पुण्याला कॉम्प्युटर शिकायचं होतं, पण पहिल्या नंबराला टाकलं घरनं रोज जाता-येता येईल असं तळेगावचं कॉलेज.

कॅफेवाली अनिता म्हणाली, "आजी, लॉक केल्यावर बदलता येत न्हाई. आन पहिलं मिळालं की तेच घ्यावं लागतं."

"पुण्याचं वर टाकलं आन न्हाई मिळालं, तर तळेगाव हातचं जातं का?"

"न्हाई. मग खालचं बघत्यात."

"मग भवाने, मागायला कशाला लाजतीस?"

तेजल पुटपुटली, "घरी तू एकटी पडशील."

"मी काय तुझ्या जिवावर जगते व्हय? घे पुणं वर."

तिनं वर घेतलं, लॉक केलं आन हसली.

"दात काढू नगंस," मी म्हटलं. "आजपासनं भाकरी थापायला शीक."