दोन किलोंचा आळ

धुळ्यात वेटलिफ्टिंग शिकवणारे ललितसर गणिताचे पक्के, असा त्यांचा स्वतःचाच समज होता. लांबच्या गावच्या मुली त्यांच्या घरीच राहत, आणि त्यांची बायको दिपमाला प्रत्येकीच्या ताटात मोजून वाढे. भाकरीसुद्धा तव्यावर जाण्याआधी काट्यावर चढायची. पाहुण्यांना गंमत वाटे, सरांना अभिमान वाटे.

धरणगावची मयुरी त्यातली सगळ्यात धाकटी. सतरा वर्षांची, बोलायला कमी, पण बार उचलताना दात-ओठ खाऊन उचलायची. त्रेपन्न किलोच्या गटातून तिला निवड चाचणीत उतरायचं होतं. सरांनी वर्षभर घसा कोरडा केला तो याचसाठी.

तीन महिन्यांत तिचं वजन बावन्नावरून चौपन्नावर गेलं आणि सरांचं डोकं फिरलं.

एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे कॅलरी, हे त्यांना पाठ होतं. दोन किलोंचे पंधरा हजारांवर झाले. नव्वद दिवसांनी भागले, तर रोजचे पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे रोज जवळजवळ एक भाकर कुणाच्या तरी नकळत पोरीच्या पोटात जात होती.

"मयुरी, काय खातेस बाहेर?" त्यांनी सगळ्या मुलींसमोर विचारलं.

"माय नी आण, सर, मी चोरीसन काहीच खादं नई."

"मग हे वजन काय हवेतून आलं?"

पोरगी रडली. दिपमाला मध्ये पडली, "अहो, मी वाढते ना तिला, मला माहीत नाही का?" पण सरांनी बायकोलाही गप्प केलं. मयुरीची पेटी सगळ्यांसमोर उघडली. आत कपडे आणि खोबरेल तेलाची बाटली निघाली. माणसाने इथे तरी थांबावं की नाही? सर थांबले नाहीत. पुरावा सापडत नाही म्हणजे पोर लबाड आहे, असं त्यांनी धरलं आणि तिची रात्रीची भाकर बंद केली.

निवड चाचणीच्या दिवशी वजन बरोबर बसलं, पण अंगात जोर उरला नव्हता. पहिल्याच प्रकारातल्या मयुरीच्या तिन्ही उचली फसल्या आणि ती बाद झाली. संध्याकाळी तिने पेटी उचलली, दिपमालाच्या पाया पडली आणि धरणगावची एसटी धरली. सरांकडे तिने पाहिलंही नाही.

पुढच्या महिन्यात जळगावहून कामिनी महाजन आल्या. त्या आहारतज्ज्ञ, दर तीन महिन्यांनी मुलींची मापं घ्यायला यायच्या.

"मयुरी कुठेय?"

सरांनी सगळं सांगितलं, आधी तावातावाने, मग जरा हळू. कामिनीताईंनी हातातली टेप खाली ठेवली.

"मागच्या वेळी मीच तिला मोजलं होतं, सर. दंड भरलेले, मांड्या भरलेल्या, कंबर तेवढीच. कातडीखालची चरबी तर चिमट्यात कमीच भरली. ते वजन बहुतेक स्नायूंचं होतं. तुम्ही मला फोन तरी करायचा!"

"पण कॅलरी? दोन किलो कुठून आले?"

"तुम्ही चरबीचा हिशोब स्नायूला लावलात. स्नायूत पाऊण भाग पाणी असतं. त्याच्या एका किलोत हजार-बाराशेच कॅलरी साठतात. दोन किलोंचे झाले दोन-सव्वादोन हजार. तीन महिन्यांत वाटले तर रोजचा एखादा घास. स्नायू बांधायला वेगळी शक्ती लागते, ती धरली तरी दोन-चार घास. एवढं तर तुमच्या मोजलेल्या भाकरीतही कमी-जास्त होतं. पोर चोरून खात नव्हती, तुम्ही शिकवलं तसं अंग कमावत होती."

सरांना आता आपली चूक कळली. ज्या वजनाची शाबासकी द्यायची, त्याची शिक्षा दिली होती. दिपमाला दारातून हे ऐकून आत निघून गेली. ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी ते धरणगावला गेले. मयुरीच्या आईने, बेबाबाईने, "या सर, बठा" म्हणून पाणी दिलं आणि ताटही वाढलं. मयुरी समोर आली. गालफडं बसली होती. सरांनी हात जोडले.

"पोरी, माझं चुकलं. तू खरं बोलत होतीस. परत चल."

"काही हरकत नाही, सर," ती म्हणाली. राग असता तर सरांना सोसला असता, पण तिच्या आवाजात राग नव्हता.

"बरं, आधी दोघं जेवू. बस माझ्यासोबत."

मयुरीने ताटाकडे पाहिलं, नाही म्हणून मान हलवली आणि आपली भाकर ओढणीखाली झाकून आतल्या खोलीत गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

"राग नका धरू, सर," बेबाबाई ओशाळून म्हणाली, "तुमना कडथून परत उनी तशी पोर कोनासमोरच जेवत नई. मनासमोर, मायसमोर बी नई."