टपालकाकांच्या दोन नोटिसा

तर झालं काय, कारखान्यातले टपालकाका कामावर यायचेच बंद झाले. अर्ज नाही, निरोप नाही, फोन लावावा तर बंद, घराला हे भलंमोठं कुलूप. आणि कारखान्याच्या कामगार विभागात नुकतीच लागलेली जी मुलगी, तिच्यापुढे साहेबांनी काकांची फाइल आपटली.

"न सांगता गैरहजर. नोटीस काढ."

काढली बिचारीनं. ठरल्या मुदतीत हजर व्हा, खुलासा द्या, नाहीतर तुम्ही आपणहून नोकरी सोडली असं धरू. रजिस्टर पोस्टानं, नोंदीतल्या पत्त्यावर. उत्तर नाही. मग दुसरी काढली, जरा डोळे वटारून. तरी काका ढिम्म. मुलीचा जीव नुसता वरखाली, कारण पहिल्या दिवशी सगळं ऑफिस तिच्याकडे फर्निचर असल्यासारखं बघत होतं तेव्हा काकांनीच तिला चहा पाजला होता. आणि म्हाताऱ्याची निवृत्ती आता तोंडावर आलेली.

"सर, एवढा सरळ माणूस असा जाईल का?"

"सरळ माणसंच सरळ निघून जातात. नोकरी संपल्याचं शेवटचं पत्र आण, आज सही करून मोकळा होतो."

"आधी नोटिसांच्या पोस्टाच्या पावत्या जोडते. उद्या ते कोर्टात गेले तर पुरावा काय दाखवायचा?"

"मग जोड की बाई. मला काय विचारतेस?"

पावत्या असायच्या टपालखोलीत, जिन्याखाली. मुलगी गेली, दार ढकललं, दिवा लावला आणि खांबासारखी उभी राहिली. जाणाऱ्या टपालाच्या ट्रेमध्ये दोन्ही नोटिसा एकमेकींवर रेलून आरामात पडलेल्या. कारण ऑफिसात 'पाठवलं' म्हणजे ट्रेमध्ये टाकलं. तिथून पोस्टात न्यायचं काम काकांचं. आणि काकाच गैरहजर. बाकी सगळा कारभार ईमेलवर, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही.

मग तिचं लक्ष आलेल्या टपालाच्या टोपलीकडे गेलं. तिथेही ढीग. तोही काकाच फोडायचे ना. उपसता उपसता तळाशी ओळखीच्या अक्षरातलं पाकीट लागलं. ती दोन दोन पायऱ्या चढत साहेबांकडे.

साहेबांनी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. "बहिणीकडे आलो असता माळ्यावरून पडलो. पाय मोडला, मोबाइलही मोडला. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. प्लास्टर निघेपर्यंत रजा मिळावी. फोनवरच्या निरोपाला पुरावा नसतो म्हणून लेखी कळवत आहे." पत्रावरची तारीख पाय मोडल्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

साहेबांनी पत्राची घडी घालायला घेतली.

"सर, खाली अजून एक ओळ आहे."

"दिसतेय मला," साहेब म्हणाले, आणि आवाज उतरवून वाचली. "माझ्या मागे टपालाला कुणीतरी बसवावं, नाहीतर एखाद्याचं महत्त्वाचं पत्र अडकून राहील."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "रजा मंजूर म्हणून पत्र लिही. बहिणीच्या पत्त्यावर."

"लिहिते. पण सर, नेणार कोण?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग चपला शोधत टेबलाखाली वाकले. "पोस्ट किती वाजेपर्यंत उघडं असतं गं?"