रांजणाखालची किल्ली

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक अभयने फेसबुकवर सगळ्या जगाला दिसेल अशी टाकली होती, हे ॲडमिन करुणाला चार दिवसांनी कळलं. "अक्कल गहाण ठेवलीस काय रे?" म्हणून तिने भावाला फोनवर झापलं आणि लिंक रीसेट केली. जुनी लिंक बंद पडली, तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. यादी उघडली तर तीन अनोळखी नंबर आतच! रीसेटने नवे थांबतात, शिरलेले थोडेच जातात? तिने तिघांना काढलं.

मग कालचा मेसेज आठवला. मुंबईला निघालेल्या प्रभावतीकाकूंनी नेहमीसारखं ग्रुपवर कळवलं होतं, 'किल्ली पडवीतल्या रांजणाखाली ठेवली आहे.'

करुणा अनवाणीच धावली.

रांजण कलंडलेला होता.