कापूर आणि डांबरगोळी एका कप्प्यात

झबल्याच्या घडीवर हुतोक्षीचं बोट चिकटलं, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

बेसण्याला एकच दिवस उरला होता. बाळ पहिल्यांदा धड बसायला लागलं की पारशी घरात त्याला पाटावर बसवतात, लाडू करतात, उंबऱ्यावर चुन्याची नक्षी उठवतात. त्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या, मर्झबानच्या घराण्यातला प्रत्येक मुलगा तेच एक रेशमी झबलं घालून बसला होता. कोंबडे आणि पिवळी फुलं भरलेलं. आता तिच्या बाळाची, कैझादची पाळी होती. म्हणून हुतोक्षीने ते हवेवर टाकायला काढलं, तर मलमलीचं वेष्टण एका कोपऱ्यात ओलं आणि तेलकट लागलं. वैशाखातलं नवसारी, भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि कपाटात ओल?

तिने कापराची पुरचुंडी उचलली. खालून कापड चिकट झालं होतं, आणि त्याला एक पांढरी गोळी चिकटली होती. अर्धी विरघळलेली, बोरातल्या बीएवढी उरलेली. तिने ती नाकाशी नेली. डांबरगोळी.

या घरात डांबरगोळी येणार नाही, हे तिने बाळंतपणाहून आल्याआल्याच ठणकावून सांगितलं होतं. हौस म्हणून नव्हे. कैझाद जन्मला तेव्हा तपासणीत निघालं की त्याच्या रक्तात एक एन्झाइम कमी आहे. पारशांत हे बऱ्याच मुलांत सापडतं, आईकडून मुलग्याकडे येतं. एरवी पोर ठणठणीत. पण काही औषधं पोटात गेली किंवा डांबरगोळीचा वास अंगाला लागला, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. पोर पिवळं पडतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते, आणि वेळेत कळलं नाही तर पोर हातचं जातं. डॉक्टरीणबाईंनी हे सांगताना विचारलं होतं, "माहेरी कोणा मुलाला अशी कावीळ झाली होती?"

झाली होती. हुतोक्षीचा धाकटा भाऊ खुशरू. बेसण्यानंतर काही दिवसांतच गेला. हुतोक्षी तेव्हा एवढीशी होती. माय अजून म्हणते, माझ्या पोराला नजर लागली.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं हुतोक्षीने नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं. मायला मात्र एक अक्षर सांगितलं नाही. काय सांगणार, की नजर नव्हती, तुझ्या पेटीतल्या गोळ्या होत्या?

सासूने, पिलामायने, तेव्हा नाक मुरडलंच होतं. "आम्ही सगळे डांबरगोळ्यांत वाढलो. तुझा हा नवरा तर गोळ्यांच्या पेटीवर झोपायचा."

"म्हणून असा निघाला," हुतोक्षी म्हणाली होती.

पण गोळ्या गेल्या. पिलामायने कपाट रिकामं करून पुसलं, कपडे दिवसचे दिवस सावलीत वाऱ्यावर टाकले, धुण्यासारखे होते ते धुतले. मग कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवून पुरचुंड्या केल्या, कारण ओला राहिला तर बुरशी धरते आणि रेशमावर डाग पडतात. जोडीला लवंगा आणि कापूर. कपाटाची किल्ली मात्र पिलामायच्या कमरेलाच राहिली, आणि म्हणूनच आता हुतोक्षीचा संशय इकडेतिकडे भटकलाच नाही. सरळ तिच्या कमरेशी जाऊन थांबला.

वरवर हो म्हणायचं आणि मागच्या दाराने आपलंच खरं करायचं! आणि परवाच हे झबलं मापाला म्हणून कैझादच्या अंगात घातलं होतं. पोराने त्याची बाही चोखली होती.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. पिलामाय रव्यात बेदाणे टाकत होती. हुतोक्षीची माय, जेरबानू, बेसण्यासाठी तीन दिवस आधी उदवाड्याहून आली होती; ती मांडीवर नातवाला घेऊन बसली होती. मर्झबान सेव-दही खात होता.

"मम्मा, हे काय आहे?" हुतोक्षीने पुरचुंडी ओट्यावर ठेवली.

"कापूर," पिलामाय म्हणाली.

"कापूर ओला होतो का? कापूर उडून जातो, मागे काही ठेवत नाही. हात लावून बघा. वास घ्या. मी हात जोडून सांगितलं होतं तुम्हाला."

पिलामायने बोट लावलं, नाकाशी नेलं. मग तिने एकदा जेरबानूकडे पाहिलं आणि पुन्हा पातेल्याकडे. हुतोक्षीला ते पाहणंसुद्धा चोरटं वाटलं.

"बोला ना."

"हो," पिलामाय म्हणाली. "माझ्याच हातून झालं. कसर लागेल म्हणून ठेवली."

"ही किल्ली मिरवता ती याच्यासाठी? पोरापेक्षा कपडा जास्त झाला?"

"दीकरी, इतकं तोंड टाकू नये," जेरबानू मध्ये पडली. "एका डांबरगोळीने काय आभाळ कोसळतं? कुठल्या घरात नसते?"

"माय, तू यात बोलू नकोस."

जेरबानूचा चेहरा उतरला. मर्झबानने चमचा खाली ठेवला आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं की पिलामायने पाठ फिरवली.

दोघं पोराला घेऊन तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी पोराच्या डोळ्यांतला पांढरा भाग पाहिला, लंगोट पाहिला, रक्त काढलं. रक्त चांगलं होतं. "पण लगेच कळेल असं नाही, एकदोन दिवसांनीही त्रास सुरू होतो," त्या म्हणाल्या. "लघवीचा रंग बघत राहा. पोर फिकट किंवा पिवळं दिसलं, पेंगायला लागलं, तर रात्र असो, पहाट असो, उचलून आणा. आणि ते झबलं फक्त धुऊन इस्त्री करून भागायचं नाही, उन्हाने किंवा इस्त्रीने वास अजून वर येतो. पोराच्या अंगाला ते नकोच."

"आम्ही तर सगळीकडे कापूर ठेवला होता," हुतोक्षी म्हणाली.

"तोही काढा. देवापुढे जळतो म्हणून गरीब समजू नका. पोराने तोंडात घातला तर झटके येतात, आणि याच्यासारख्या रक्ताच्या पोराला तो अंगाला लावायचाही नाही. पाला, लवंगा ठेवा, त्याही त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा. त्यांनी कसर मरत नाही, फार तर लांब राहते. घामाचा कपडा धुऊन ठेवायचा आणि महिन्या-पंधरा दिवसांनी कपाट उघडून झटकायचं, खरं औषध ते."

ते घरी निघाले. वाटेत मर्झबान म्हणाला, "मला एक कळत नाही. मम्मा दोन्ही एकत्र ठेवेल कशी?"

"म्हणजे?"

"तिची हिरवी, भरतकामाची गारा-साडी आहे ना, ती कधीच नेसत नाही ती? लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने कापूर आणि डांबरगोळ्या एका घडीत ठेवल्या. दोन्ही एकमेकांना लागले की गरमीत पाघळतात. सबंध पदरावर तेलासारखा डाग. आजीने तिला वर्षभर ऐकवलं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावलाय. कापूर तर तिनेच ठेवला होता तिथे. त्याच्यावर गोळी ती कशाला ठेवेल?"

हुतोक्षीच्या मनातली पाल आता दुसरीकडे चुकचुकायला लागली. कापूर ठेवलाय हे जिला ठाऊक, ती त्यावर गोळी ठेवणार नाही. जिला ठाऊक नाही, तीच ठेवणार. मग ते कपाट उघडलं कोणी? आणि तिला आठवलं. माय आली त्या दिवशी तिची रेशमी साडी ठेवायला पिलामायने कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली होती.

पिलामाय मागच्या ओसरीवर कपाटातले कपडे दोरीवर टाकत होती. कोणी न सांगता कापूर वेगळा काढून ठेवला होता. हिरवी साडीही दोरीवर होती, पदरावर हाताच्या पंज्याएवढा जुना डाग.

"मम्मा, खोटं का बोललात?" हुतोक्षीने विचारलं.

"पोर कसं आहे ते आधी सांग."

"आत्ता तरी बरं आहे. खोटं का बोललात? गोळी मायने ठेवली."

पिलामायने साडीची घडी सारखी केली. "प्रेमाने ठेवली बिचारीने. नातवाच्या झबल्याला कसर लागू नये म्हणून. तिला तू काही सांगितलंच नाहीस, तर तिने समजायचं कसं?"

"पण मी तुम्हाला काय काय बोलले."

"मी सासू आहे. सासूला चार शब्द जास्त ऐकावे लागले म्हणून ती मरत नाही. पण डांबरगोळीने असं होतं हे त्या बाईला आज कळलं असतं, तर ती खुशरूपर्यंत पोचली असती. माझ्या स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर. ते माझ्याच्याने बघवलं नसतं."

हुतोक्षीला भरून आलं. किती सहज तिने या बाईला चोर ठरवलं होतं, आणि किती सहज ही बाई चोर झाली होती! तिने सासूचा हात धरला. हाताला कडुनिंबाचा कडू वास येत होता.

"मग आता मायला सांगायचंच नाही?"

"ते तू ठरव. तुझी माय आहे."

ठरवायला वेळ मिळालाच नाही. आतून वास आला. आधी वासच आला, थंड, गोडसर, नाकात बसणारा. आणि त्यामागून जेरबानू आली. तिच्या हातात एक छोटं झबलं होतं, पांढरं, गळ्याला निळी वेल.

"ते जुनं बिघडलं ना, जाऊ दे," ती म्हणाली. सकाळचं बोलणं विसरून समजूत काढायचीच म्हणून ती आली होती. "हे घाल उद्या त्याला. तुमच्याकडचं झबलं होतं म्हणून काढलं नव्हतं पिशवीतून. खुशरूचं आहे. एकदाच घातलंय. बघ, एक टाका उसवलेला नाही. इतकी वर्षं डांबरगोळ्यांत जपलंय."

पाळणा आतल्या खोलीत, दाराला लागूनच होता. जेरबानू तिकडे वळली.

"माय, थांब." हुतोक्षी दारात आडवी उभी राहिली. "ते त्याच्याजवळ नेऊ नकोस."

"का? मेलेल्या मुलाचं म्हणून?"

पिलामायने मान खाली घातली. हुतोक्षीला वाटलं, अजून एक खोटं बोलता येईल. हो म्हणावं, अपशकुन म्हणावं. माय रडेल आणि सोडून देईल. पण मग पुढच्या खेपेला ती पुन्हा गोळ्या घेऊन येईल, पुन्हा प्रेमाने.

"मेलेल्याचं म्हणून नाही," ती म्हणाली. मग तिने सांगितलं. रक्ताचं, एन्झाइमचं, गोळीचं, सगळं. खुशरूचं नाव तिने घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही.

जेरबानूने गळ्याच्या निळ्या वेलीवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी पेटीतून काढलं आणि तसंच घातलं होतं," ती म्हणाली. "वारा लागू दिला नव्हता. म्हटलं, नवंच्या नवं दिसू दे."

"माय, तुला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं."

जेरबानूने झबल्याची घडी घातली, बाहीवर बाही. पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि ती ओसरीच्या पार टोकाला नेऊन ठेवली. आत कैझाद जागा होऊन कुरकुरायला लागला. ती सवयीने दाराकडे धावली आणि उंबऱ्यावर उद्यासाठी काढलेल्या चुन्याच्या नक्षीशीच थबकली. आपले दोन्ही हात तिने अंगापासून लांब धरले.

"पिलामाय," ती म्हणाली, "हात कशाने धुऊ?"