तरंगता बर्फ आणि दिवसाची लांबी

प्रवेश परीक्षेच्या उत्तरतालिकेवर आलेल्या हरकती तपासायला आम्ही तिघं बसलो होतो. अध्यक्ष, एक तरुण प्राध्यापिका आणि मी. पंखा कुरकुरत होता. अध्यक्षांना लवकर घरी जायचं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं.

हरकत एका मुलीची होती. प्रश्न असा: ‘उत्तर ध्रुवाजवळ समुद्रावर तरंगणारा सर्व बर्फ वितळला, तर दिवसाची लांबी वाढेल, कमी होईल, की बदल नगण्य असेल?’ तालिकेतलं उत्तर होतं, वाढेल. मुलीने नगण्य लिहिलं होतं.

“पाठ्यपुस्तकातलाच प्रश्न आहे,” अध्यक्ष म्हणाले. “बर्फ वितळला की पाणी विषुववृत्ताकडे पसरतं. वस्तुमान अक्षापासून लांब गेलं, पृथ्वी मंदावली, दिवस मोठा झाला. संपलं. हरकत फेटाळा.”

“पण सर, तो बर्फ जमिनीवरचा,” प्राध्यापिका चाचरत म्हणाली. “हा तरंगणारा आहे. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. वितळला की ती जागा भरतो. पातळी वाढत नाही, मग विषुववृत्ताकडे जाणार काय?”

“समुद्र खारा असतो, बाई. गोडं पाणी हलकं. पातळी वाढतेच थोडी.”

“अगदी थोडी,” ती म्हणाली. “आणि पर्यायात ‘नगण्य’ लिहिलंय.”

मी एव्हाना प्रश्नकर्त्याचं आदर्श उत्तर वाचायला घेतलं होतं. प्रश्नकर्त्याचं नाव आम्हाला कधीच कळत नाही, आणि आमची नावं त्याला. तिथे लिहिलं होतं: ‘फिरत्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने दोन्ही हातांत लाटणी घेऊन हात पसरले, की त्याची गती मंदावते.’ मी ते वाक्य पुन्हा वाचलं. अख्ख्या जगात भौतिकशास्त्र शिकवणारी माणसं या प्रयोगाला डंबेल्स घेतात. लाटणी घेणारा एकच गृहस्थ मला माहीत होता, आणि त्याच्यापायी माझ्या स्वयंपाकघरातलं लाटणं कितीदा शाळेत जाऊन आलं होतं.

माझा नवरा. निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडे प्रश्न काढण्याचं एवढं एकच काम उरलं होतं. वर्षातून एकदा बंद लिफाफा यायचा आणि हा माणूस आठवडाभर दार लावून, गुणगुणत प्रश्न काढायचा. साध्या प्रश्नाला एखादं विशेषण चिकटवल्याशिवाय त्याला करमत नाही. ‘तरंगणारा’ तिथूनच आला असणार. उत्तर चुकलं असं ठरलं, की प्रश्नकर्त्याचं नाव यादीतून कायमचं जातं. नियमच तसा आहे.

प्रश्न घरच्या माणसाचा, म्हणजे नियमाने मी उठून बाहेर जायला हवं होतं. पण मग एकास एक मत पडलं असतं, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत चालतं. पोरीचा गुण गेला असता. त्या एका गुणावर तिचा प्रवेश अडला होता, हे हरकतीत तिने स्वतःच लिहिलं होतं.

“तुमचं काय मत?” अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत मला विचारलं.

“मुलगी बरोबर आहे,” मी म्हटलं. “उत्तर बदला.”

नवी तालिका जाहीर झाली त्या सकाळी नवरा मोबाईल हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. चेहरा लाल.

“मूर्खांचा बाजार भरलाय त्या समितीत,” तो म्हणाला. “दोन्ही ध्रुवांवरचा बर्फ वितळला तर दिवस मोठा होतो, हे शेंबडं पोरही सांगेल.”

“जमिनीवरचा वितळला तर,” मी म्हटलं. “तुम्ही काय लिहिलं होतं?”

त्याने फ्रिजमधून बर्फाचे दोन खडे काढले, पेल्यात टाकले, पाणी काठोकाठ भरलं आणि समोर खुर्ची ओढून बसला. मी भाजी चिरत राहिले. बर्फ वितळला. थेंबभरही पाणी ओट्यावर सांडलं नाही.

“तू होतीस त्या समितीत,” तो म्हणाला. मी मान डोलावली. “माझाच प्रश्न आहे हे कळलं होतं?”

“हो.”

“माझ्या बाजूने कोणी होतं?”

“अध्यक्ष.”

“तो? त्याला कोनीय संवेग सात जन्मांत कळणार नाही.”

मला हसू आलं आणि त्याचवेळी फार वाईट वाटलं. “मला वाईट वाटतंय, अहो,” मी म्हटलं. “पण पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन.”

“त्या पोरीला गुण मिळाला?”

“मिळाला.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “आता मला कोणी प्रश्न काढायला सांगणार नाही.”