आईची सही

व्हिसाच्या एजंटाने बावीस कागदांची यादी वर्षाच्या हाती कोंबली आणि "सगळेच आणा" म्हणाला. कोणता कागद कोणाला लागतो, हे सांगायला या लोकांची जीभ झिजते. यादीत आईबापाचं संमतीपत्र होतं. बापानं लगेच सही केली. आईनं, हंसाबाईनं, आठ दिवस केली नाही. कापसानं मातीत घातलेल्या त्या वर्षी लेक सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला निघाली होती, आणि तिला तांड्यात थांबवायला आईकडे तेवढा एकच कागद होता.

शेवटी वर्षा तिला दारव्ह्याला, कॉलेजच्या गौरी मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी व्हिसाची मूळ यादी उघडून टेबलावर तीन गठ्ठे केले. पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र, टीबी नसल्याचा दाखला, हे लागणारच. खेळाची प्रमाणपत्रं नाही दिली तरी चालतील. तिसरा गठ्ठा अट लागू असेल तरच लागणाऱ्या कागदांचा. सरकार खर्च करतं, म्हणून शिष्यवृत्तीचं पत्र त्यातून उचललं. संमतीपत्र तिथंच राहिलं.

"मावशी, हे अठराच्या आतल्यांना लागते, नाहीतर आईबापाचा पैसा दाखवला तर. वर्षा तेवीसची आहे."

"मंग माह्या सहीबिगर जाते ही?"

"जाते."

"वय कमी करून नाही भेटत काय कुठी?"

मॅडम हसल्या. वर्षा हसली नाही.

हंसाबाईनं पेन मागितला.

"याडी," वर्षानं आईला विचारलं, "आता कायले?"

"आता तुले अडवाचं नाही, म्हणून करून राह्यली."

तिनं सावकाश सही केली. मॅडम म्हणाल्या, फाइलीत नको घालू. वर्षानं कागद पर्समध्ये ठेवला. परतीच्या जीपमध्ये हंसाबाईनं लेकीचा हात धरला, तो तांडा आला तरी सोडला नाही.