बावीस नंबरचा पिवळा शर्ट

नाव नानांनी दिलं होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! ‘दुसरी इनिंग’. कॅन्सर जागृतीच्या दौडीसाठी समितीने महिनाभर डोकं खाजवलं होतं. कुणी ‘झुंज’ म्हणालं, कुणी ‘विजयपथ’. डॉक्टरांनी तर एवढं लांबलचक नाव सुचवलं की ते छापायला शर्टाऐवजी चादर लागली असती. नाना मात्र केमोच्या खुर्चीत बसल्या बसल्या एकदम म्हणाले होते, “दुसरी इनिंग!” शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने सलाइन लागलेल्या हातानेच टाळी द्यायचा प्रयत्न केला, आणि सिस्टरने दोघांनाही झापलं. त्या दिवसापासून नाव पक्कं. घशाच्या आजाराने नानांचा आवाज फाटला होता, चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकणाऱ्या माणसाचं वजन अठरा किलोंनी उतरलं होतं, पण हे दोन शब्द उच्चारताना ते ताठ बसायचे.

आज छपाईचा दिवस होता. छापखाना म्हणजे एका गल्लीतला लांबट गाळा. आत शाईचा वास, दोरीवर वाळत घातलेले शर्ट आणि मध्यभागी मोठं टेबल. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. नाना आणि वॉर्डातली सिस्टर नोंदणीची यादी घेऊन आले होते. उपचार झालेल्यांना किंवा चालू असलेल्यांना पिवळा शर्ट, बाकी सगळ्यांना पांढरा, असं ठरलं होतं. छातीवर दौडीचं नाव, खाली साल.

ताईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली.

“नाना, तुम्ही दिलेलं नाव नऊ इंचाचं बसवलंय मी. पण सगळ्या साइजना छपाईची जाळी, म्हणजे स्क्रीन, एकच वापरणार ना आपण? मग सगळ्यात लहान शर्टावर मावेल एवढंच नाव घ्यावं लागतं. इथे एक बावीस नंबर आहे.”

“बावीस?” नाना म्हणाले. “ते तर पोराचं माप झालं.”

“तेच म्हणते. त्यावर सहा इंचांच्या वर काही बसत नाही. नाव सहा इंचात आणलं तर अक्षरं बारीक होतील. लांबून कुणाला वाचता येणार नाही.”

“एका शर्टासाठी चारशे शर्टांचं नाव बारीक करायचं?” नाना उसळले. “आणि हे बघा, रंग पिवळा लिहिलाय. म्हणजे फॉर्म भरताना चुकलंय. कुणाच्या तरी बापाने आपल्या पिवळ्यासोबत पोरालाही पिवळ्यावर खूण करून टाकली. थांबा, आत्ता फोन लावतो. पोराला पांढरा साधा शर्ट देऊ, नावाशिवाय. प्रश्न मिटला.”

सिस्टर काहीतरी बोलणार होती. तिने तोंड उघडलंही, पण नानांनी यादीतला नंबर फिरवून फोन स्पीकरवर टाकला होता. चुका सुधारायच्या म्हटलं की नानांच्या अंगात शाळेचा मास्तर संचारायचा.

पलीकडून एका बाईचा आवाज आला.

“नमस्कार, दौडीच्या समितीतून बोलतोय,” नाना मोकळेपणाने म्हणाले. “तुमच्या फॉर्ममध्ये एक गंमत झालीय. बावीस नंबरच्या शर्टासमोर पिवळ्यावर खूण आहे. पिवळा फक्त पेशंटचा असतो हो. पांढरा करून टाकतो, चालेल ना?”

मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

“चूक नाही झालेली,” बाई म्हणाल्या. “तिचाच आहे तो. सहा वर्षांची आहे माझी मुलगी. तीन डोस झालेत.”

चाळीस वर्षं सहा-सहा वर्षांची पोरं नानांनी रांगेत उभी केली होती, आणि त्यातल्या एखाद्याला हा आजार होऊ शकतो हे त्यांच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. स्वतःला झाला तेव्हा ते म्हणाले होते, ठीक आहे, एक इनिंग खेळून झाली. या पोरीची पहिली तरी कुठे सुरू झाली होती? त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. समोर स्क्रीनसाठी काढलेल्या पारदर्शक फिल्मवर काळ्याभोर अक्षरांत त्यांनी दिलेलं नाव होतं आणि त्यांना ते वाचवेना.

“डॉक्टर म्हणालेत, रिपोर्ट ठीक आला तर शेवटचे दोनशे मीटर चालू दे,” बाई सांगत होत्या. “तेव्हापासून रोज विचारते, शर्ट आला का. काय छापताय हो त्यावर?”

नानांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने मान खाली घातली होती.

“अजून… अजून ठरतंय,” नाना कसेबसे म्हणाले.

“बरं. मग एक विचारू का? बावीस तिला अगदी बरोबर बसतो. पण चोवीस मिळेल का? वाढत्या अंगाचा घेतलेला बरा. आणि साल नका छापू, म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा हाच शर्ट घालता येईल.” बाई जराशा हसल्या. “एकदाच घालायला कशाला नवा कपडा?”

“मिळेल,” नाना म्हणाले. फोन बंद झाला तरी तो त्यांनी कानाजवळ धरलेलाच होता. फोन स्पीकरवर होता, हेही त्यांना आठवत नव्हतं.

सिस्टर स्टुलावर मटकन बसली. “वरच्या मजल्यावर मुलांचा वॉर्ड आहे, नाना. मी रोज लिफ्टमध्ये बघते त्यांना. आणि महिनाभर समितीत बसून टाळ्या वाजवत होते. मला एकदाही सुचू नये?” तिचे डोळे भरून आले. एरवी सगळ्या वॉर्डाला धाकात ठेवणारी ही बाई अशी रडते हे नाना पहिल्यांदाच पाहत होते.

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. “चारला या नावाची स्क्रीन काढायची आहे. आज नाही काढली तर शर्ट दौडीच्या दिवशी ओले मिळतील. काय करू?”

नानांनी ती फिल्म उचलली. त्या नावाने त्यांना खुर्चीतून उठवलं होतं, रात्री झोप दिली होती, हे खोटं नव्हतं. त्यांनी तिची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“चोवीस नंबरवर किती बसतं?”

“सात इंच. दोन ओळी केल्या तर अक्षरं चांगली ठसठशीत येतील.”

“मग नवं नाव लिहा. वरती ‘पुन्हा’. खाली ‘हाच शर्ट’.”

ताईंनी लिहिलं आणि पट्टी लावून पाहिली. “मावतंय. साल?”

“साल नको.”

सिस्टरने डोळे पुसले आणि ते दोन ओळींचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. मग डॉक्टरांना फोन करून कळवायला ती उठली. नाना अजून उभेच होते. आजारपणात अंगाला सैल होतात म्हणून त्यांनी दोन सोडून आपले सगळे शर्ट शाळेच्या शिपायाला देऊन टाकले होते, आणि त्यानंतर एकही नवा घेतला नव्हता. कशाला घ्यायचा, असं ते हसत हसत म्हणायचे.

“ताई, माझा अडतीस लिहिलाय ना? तो खोडा. बेचाळीस करा.”

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “नाना, लोंबेल हो तुमच्या अंगावर.”

“लोंबू दे,” नाना फाटक्या आवाजात म्हणाले. “वाढत्या अंगाचा घेतोय.”